गळणे की तुटणे? बारीक केसांसाठी रबर, स्क्रंची आणि क्लचर

२०२५ च्या जानेवारी महिन्यात शेलूबाजारच्या माझ्या दवाखान्यात केसांच्या तक्रारी अचानक वाढल्या. कारण उघड होते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधील माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत मुळासकट जाऊन टक्कल पडत असल्याची बातमी घरोघरी पोहोचली होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक तपासणीसाठी तेथे गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील लोकांच्या खाण्यातील गव्हामधल्या सेलेनियमच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले. परंतु त्या पहिल्या पंधरवड्यात कोणालाच काही उमगत नव्हते, आणि फणीत चार केस जास्त दिसले तरी माणसे धास्तावून दवाखान्यात येत होती.

अशाच एका दुपारी बाहत्तर वर्षांच्या एक आजी आणि त्यांची सून आल्या. सुनेने पदराच्या गाठीतून वर्तमानपत्राची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "बाई, आईचे केस गळून राह्यले. हे नुसते दोन दिवसांचे हायेत. तोच रोग आपल्याकडं आला का?" घरात तर निर्णयच झाला होता. उरलेले केस उतरवून टाकावेत, म्हणजे आजींनाही त्रास नको आणि विंचरणाऱ्यालाही नको, असे मुलाचे म्हणणे होते. आजी तोंडाने "काढून टाका" असे म्हणत होत्या, पण त्यांचा हात पुन्हा पुन्हा डोक्यावरचा पदर पुढे ओढत होता. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या पिढीतील बाईला केस उतरवणे म्हणजे काय वाटते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

येथे मला एक कबुली द्यावी लागेल. दिवाळीच्या सुमारास याच आजी याच तक्रारीसाठी माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. गर्दीचा दिवस होता. मी त्यांच्या डोक्यावरचा पदर बाजूला न करताच लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. जानेवारीत ती पुडी समोर आली तेव्हा मी प्रथमच त्यांचे केस नीट पाहिले, आणि दोन-चार मिनिटांतच ध्यानात आले की आजींचे केस गळत नव्हते, ते तुटत होते. कारण रोगात नव्हते, केसांना लावलेल्या रबरात होते.

पुडीने काय सांगितले

केस गळणे आणि केस तुटणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. गळणारा केस मुळापासून सुटतो आणि त्याच्या एका टोकाला मोहरीच्या कणाहूनही लहान अशी पांढरट गाठ असते. तुटलेल्या केसाला अशी गाठ नसते. त्याची लांबी कमी असते, आणि तुटलेले टोक कधी बोथट, तर कधी झिजलेल्या कुंच्यासारखे फुटलेले दिसते. दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस मुळापासून सुटणे हे निरोगी माणसातही घडते. त्यांच्या जागी नवे केस येत असतात.

पांढऱ्या केसावरची पांढरी गाठ सहसा दिसत नाही. म्हणून मी टेबलावर एक काळे कापड पसरले आणि पुडीतील केस त्यावर सुटे केले. आम्ही दोघींनी मिळून ते मोजले. चौसष्ट केस निघाले. त्यांपैकी अकरा केस लांब होते आणि त्यांच्या टोकाशी गाठ होती. बाकीचे त्रेपन्न म्हणजे नुसते तुकडे होते. दोन दिवसांत मुळापासून अकराच केस जात असतील, तर ती चिंतेची बाब नव्हे. शेगावकडच्या गावांतील तक्रार केस मुळासकट जाण्याची होती. आजींच्या पुडीतले केस बहुतांश मध्येच तुटलेले होते. सुनेच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्यानेच अर्धा उतरला.

ही मोजदाद घरी कोणालाही करता येते. आधी पांढऱ्या केसांसाठी गडद आणि काळ्या केसांसाठी फिकट रंगाचे कापड खांद्यावर टाकावे, आणि मगच विंचरावे. पडलेले केस चांगल्या उजेडात पाहावेत, आणि लागल्यास भिंगाची मदत घ्यावी. बहुतेक केस पूर्ण लांबीचे व गाठ असलेले निघाले, तर कारण शरीरात शोधावे लागते. बहुतेक आखूड तुकडे निघाले, तर कारण केस हाताळण्याच्या पद्धतीत असण्याचा संभव अधिक.

तुटण्याची जागा कशी सापडली

यानंतर मी आजींचा बुचडा सोडायला घेतला. त्याखाली भाजीच्या पुडीला लावतात तसले एक पातळ पिवळे रबर होते. त्याचे तीन वेढे दिलेले होते, आणि तेलाने ते चिकट झाले होते. ते निघता निघेना. शेवटी कात्रीने कापले, तेव्हा त्याच्याबरोबर केसांचा एक लहानसा पुंजका हातात आला.

आजींच्या कपाळाच्या वर आणि कानांच्या मागे आखूड केसांची एक झालर उभी होती. पहिल्या नजरेत ते नव्याने उगवलेले केस वाटावेत असेच होते. परंतु मी सगळे केस हळूच मागे विंचरून, रबर जेथे बांधलेले होते त्याच जागी मुठीत धरले. तेव्हा दिसले की कपाळावरचे आखूड केस, कानामागचे आखूड केस आणि मानेवरचे आखूड केस, या सगळ्यांची टोके नेमकी त्या एका रेषेवर येऊन थांबत होती. कपाळापासून तेथपर्यंतचे अंतर जास्त, म्हणून तेथले तुटके केस लांब. मानेपासूनचे अंतर थोडे, म्हणून तेथले आखूड. नवे उगवणारे केस अशी शिस्त कधी पाळत नाहीत; त्यांची टोके निरनिराळ्या ठिकाणी असतात. सगळी टोके बांधण्याच्या जागी येऊन थांबतात, तेव्हा केस तेथेच तुटत आहेत हे निश्चित समजावे.

मग मी सुनेला केस बांधण्याची रोजची पद्धत विचारली. आजींचा उजवा खांदा वर्षभरापासून आखडलेला असल्याने त्यांचा हात डोक्यामागे जात नव्हता. सून सकाळी शेतावर जाण्याच्या घाईत असायची. आजींची आंघोळ झाली की ओल्या केसांनाच रबर घालून ती बुचडा वळायची. मऊ केसांवरून रबर घसरते म्हणून तिसरा वेढा. तो बुचडा दिवसभर आणि रात्रभर तसाच राहायचा. दोन दिवसांनी तेल लावायच्या वेळी रबर खाली ओढून काढले जायचे. यात सुनेची हयगय काहीच नव्हती. उलट केस मोकळे राहून आजींना त्रास होऊ नये म्हणूनच ती ते घट्ट बांधत होती.

बारीक केस आणि विरळ केस

वय वाढते तसे केसांत दोन बदल होतात. डोक्यावरच्या केसांची संख्या कमी होते, म्हणजे ते विरळ होतात. आणि एकेक केस पूर्वीपेक्षा बारीक होतो. ही दोन्ही लक्षणे आपण एकत्र "पातळ केस" या शब्दात गुंडाळतो, परंतु तुटण्याच्या दृष्टीने दुसरे लक्षण महत्त्वाचे आहे.

समजा, तरुणपणी एखाद्या केसाची जाडी ०.०८ मिलिमीटर होती आणि आता ती ०.०५ मिलिमीटर आहे. फरक किरकोळ वाटतो. पण केसाचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि ते जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. आठाचा वर्ग चौसष्ट, पाचाचा पंचवीस. म्हणजे तो केस पूर्वी जेवढा ताण सोसत होता, त्याच्या दोन पंचमांशांहून थोड्याशाच कमी ताणाला आता तुटेल. ज्या रबराने सुनेच्या दाट, राठ केसांचे काही बिघडत नव्हते, त्याच रबराने सासूचे केस तुटावेत यात नवल नाही.

केसाच्या बाहेरच्या बाजूला घराच्या छपरावरील कौलांसारखे सूक्ष्म खवले एकावर एक रचलेले असतात. त्यांची तोंडे टोकाच्या दिशेने असतात. घासल्याने ते उचकटतात व झडतात, आणि आतला तंतू उघडा पडतो. एकाच जागी रोज घर्षण होत राहिले तर तेथे केस झिजतो आणि एक दिवस साध्या विंचरण्यानेही तुटतो. ओला केस पाणी शोषून फुगलेला असतो. तो कोरड्या केसापेक्षा अधिक ताणला जातो आणि लवकर इजा पावतो. आजींच्या बाबतीत बारीक केस, ओलेपणी बांधणे, तीच जागा आणि खाली ओढून काढणे या चारही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

रबर कोठे चुकते

साध्या रबराची रुंदी एक ते दोन मिलिमीटर असते. तीन वेढ्यांचा सारा आवळ त्या अरुंद पट्ट्यावर पडतो, आणि तेथे केसाला दोरीने आवळल्याप्रमाणे खाच पडते. दुसरे असे, की उघडे रबर केसावर सरकत नाही, ते धरून ठेवते. हा त्याचा गुण वाटतो. परंतु काढताना तोच दोष ठरतो, कारण रबर सरकते तेव्हा केसाला सोबत ओढूनच सरकते. तिसरी गोष्ट आपल्या तेल लावण्याच्या सवयीशी जोडलेली आहे. नैसर्गिक रबर तेलाने फुगते आणि चिकट होते. तेल लावलेल्या केसांत दोन दिवस राहिलेले रबर म्हणूनच सोडवेना.

तेव्हा भाजीचे, औषधाच्या पुडीचे किंवा नोटांच्या गड्डीचे रबर केसांना लावूच नये. चुकून लावलेच असेल, तर ते ओढून काढू नये. बोथट टोकाच्या कात्रीचे एक पाते रबराखाली सरकवावे, रबर केसांपासून दूर उचलावे आणि कापावे. एक रबर वाया गेले तरी त्याची किंमत शून्यच आहे.

दुकानात मिळणारे कापडाने किंवा धाग्याने मढवलेले रबर हे साध्या रबरापेक्षा बरे. मात्र ते घेताना त्याच्या जोडावर धातूची बारीक पट्टी नाही ना, हे अवश्य पाहावे. बारीक केस त्या पट्टीच्या फटीत अडकतात आणि तेथेच तुटतात.

स्क्रंचीचे गुण आणि तिची मर्यादा

स्क्रंची ही रचना अमेरिकेतील रॉमी रेव्हसन या गायिकेची. १९८७ साली तिला या वस्तूचे पेटंट मिळाले. त्या काळातील केस बांधायची साधने केसांना इजा करतात, हाच तिचा अनुभव होता. पायजम्याच्या कमरेतील इलॅस्टिक पाहून तिला ही कल्पना सुचली. आपल्या भाषेत सांगायचे तर स्क्रंची म्हणजे इलॅस्टिक ओवलेला गोल नेफा.

तिचा फायदा कापडाच्या चुण्यांमुळे होतो. आतले इलॅस्टिक अरुंदच असते, परंतु केस आणि इलॅस्टिक यांच्यामध्ये चुण्यांची गादी येते. त्यामुळे आवळ दोन-अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्यावर पसरतो आणि केसाला खाच पडत नाही. काढतानाही केसावरून रबर नव्हे, तर कापड सरकते.

परंतु बारीक व विरळ केसांच्या बाबतीत एक अडचण येते. केसांचा झुबका लहान असतो, त्यामुळे स्क्रंची सैल बसते आणि घसरते. मग माणूस तिसरा, चौथा वेढा देतो. चार वेढ्यांनी आवळलेली स्क्रंची ही केसांच्या दृष्टीने जवळपास रबरच होय. साटीनची गुळगुळीत स्क्रंची केसाला कमी घासते हे खरे, पण तीच सर्वांत लवकर घसरते. विरळ केसांना म्हणून लहान घेराची, मऊ सुती कापडाची स्क्रंची चांगली, आणि ती दोन वेढ्यांतच बसली पाहिजे. बांधल्यानंतर तिच्याखाली करंगळी सहज शिरावी. कपाळाची किंवा कानशिलाची कातडी ओढल्यासारखी दिसली, किंवा आजी "टोचते, खेचते" असे म्हणाल्या, तर ती सैल करावी. केस मुळाशी सतत खेचले जात राहिले, तर कालांतराने कानशिलाजवळचे केस मुळातूनच कमी होतात, आणि ती हानी तुटण्यापेक्षा गंभीर असते, कारण असे फार काळ चालल्यास ते केस परत येत नाहीत.

आमच्या आजींसाठी सुनेने स्क्रंची घरीच शिवली. त्यांच्याच एका जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची चाळीस सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद पट्टी घेतली. ती उलटी दुमडून लांबीकडून शिवली आणि सुलटी केली. मग सेफ्टी पिनेच्या साहाय्याने सोळा सेंटिमीटर इलॅस्टिक ओवले, त्याची पक्की गाठ मारली आणि कापडाची तोंडे शिवून टाकली. अशा तीन केल्या, म्हणजे एक केसांत, एक धुण्यात आणि एक हाताशी. कापड तेल शोषते, म्हणून आठवड्यातून एकदा ती साबणाने धुतलीच पाहिजे; तेलकट, धूळ बसलेले कापड खरखरीत होते.

क्लचर केव्हा चांगला, केव्हा नको

क्लचरचे तत्त्व वेगळे आहे. तो केसांना वेढत नाही. दोन जबड्यांमध्ये धरतो. वेढा नसल्यामुळे आवळही नाही आणि काढताना ओढाताणही नाही. जबडा दाबला की केस मोकळे होतात. ज्यांचा हात खांद्यापर्यंत कसाबसा जातो, त्यांना एका हाताने लावता-काढता येणारे साधन म्हणून क्लचर सोयीचा आहे. दिवसा बसून काम करताना, स्वयंपाक करताना किंवा देवळात जाताना दोन-चार तास लावण्यासाठी तो उत्तम.

त्याच्याही तीन अडचणी आहेत. स्वस्त क्लचरच्या दातांवर साच्याची धारदार कड राहिलेली असते. विकत घेताना दातांवरून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस अडकला तर केसही अडकतील. दुसरी अडचण मागच्या स्प्रिंगची. बारीक केस स्प्रिंगच्या वेटोळ्यांत शिरतात आणि क्लचर उघडताना उपटले जातात. म्हणून स्प्रिंग प्लास्टिकखाली झाकलेली असावी, आणि केसांचा वळलेला भाग दातांच्या मध्यावर येईल असा क्लचर लावावा. तिसरी अडचण आकाराची. विरळ केसांवर मोठा क्लचर टिकत नाही. तो खाली सरकतो आणि त्याचे सारे वजन थोड्या केसांवर लोंबते. चार-पाच सेंटिमीटरचा, गोलसर दातांचा लहान क्लचर घ्यावा.

वृद्धांच्या बाबतीत मात्र मी एक पथ्य कटाक्षाने सांगते. पाठीवर झोपताना, गाडीत मागे डोके टेकून बसताना आणि तोल जाण्याचा त्रास असलेल्या व्यक्तीला चालताना क्लचर नको. मागे पडल्यास तो टाळूला लागतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेथून रक्तस्राव पुष्कळ होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या डोक्याखाली तर कोणतीही कठीण वस्तू असू नये. डोक्याच्या मागच्या बाजूला हाडावर मांस थोडे असते, आणि सतत दाब राहिल्यास तेथे शय्याव्रण होऊ शकतो. एमआरआय तपासणीला नेताना केसांतील आकडे, चाप आणि स्प्रिंगचा क्लचर आधीच काढून ठेवावेत.

आजींचे पुढचे तीन महिने

केस उतरवण्याचा विचार तीन महिने पुढे ढकलावा, एवढेच मी मुलाला सांगितले. आजींच्या रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घेतले. दोन्ही ठीक निघाले. मग सुनेबरोबर बसून दिवसाची रचना ठरवली.

आंघोळ झाल्यावर केस टॉवेलने न चोळता टिपायचे आणि अर्धा तास मोकळे सोडायचे. तेवढा वेळ सकाळी मिळत नाही असे सून म्हणाली, तेव्हा केस धुण्याचे काम आठवड्यातून दोन दिवस दुपारी करायचे आणि इतर दिवशी डोक्यावर पाणी घ्यायचे नाही असे ठरले. विंचरताना रुंद दातांची फणी वापरायची, आणि गुंता टोकाकडून सोडवत मुळाकडे जायचे. एका हाताने केस गुंत्याच्या वर धरून ठेवायचे, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. दिवसा मानेवर सैल स्क्रंची, दोन वेढे. ती एक दिवस मानेच्या मध्यावर, तर दुसऱ्या दिवशी दोन बोटे वर किंवा बाजूला घ्यायची, म्हणजे घर्षण रोज त्याच जागी होत नाही. काढताना खाली ओढायची नाही, एकेक वेढा उलटा उलगडायचा. रात्री स्क्रंचीही नको. एका खांद्यावर सैल वेणी घालून शेवटाला मऊ कापडाची चिंधी बांधायची.

पहिल्या आठवड्यात सुनेने बाजारातून एक मोठा क्लचरही आणला होता. तो आजींच्या केसांवर टिकला नाही, आणि दुपारी आडवे होताना टोचू लागला म्हणून त्यांनी स्वतःच काढून ठेवला. पुढे लहान आकाराचा आणला. तो त्या सोप्यावर बसून धान्य निवडताना लावतात. प्रत्येक साधनाला त्याची वेळ असते, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. उतारवयात थोडे कमी. त्यामुळे सुधारणा मोजण्याचा मार्ग तयारच होता. जानेवारीत तुटक्या केसांची टोके ज्या रेषेवर थांबत होती, ती रेष ओलांडून ती पुढे गेली, तर तुटणे थांबले असे समजायचे. एप्रिलमध्ये आजी आल्या तेव्हा मी पुन्हा सगळे केस त्याच जागी मुठीत धरले. आखूड केसांची टोके मुठीच्या पलीकडे जवळपास अडीच सेंटिमीटर आली होती. सुनेने पुन्हा दोन दिवसांची पुडी आणली होती. काळ्या कापडावर मोजले, तर एकूण एकोणीस केस होते. त्यांत तुकडे फक्त सात.

जे झाले नाही, तेही सांगितले पाहिजे. आजींचे केस जाड झाले नाहीत, दाट झाले नाहीत. वयाने आलेला बारीकपणा कोणत्याही स्क्रंचीने परत जात नाही. फुटलेले टोक तेलाने सांधत नाही. तेल घर्षण कमी करते, एवढेच. फुटलेली टोके सुनेने कात्रीने बोटभर कापून घेतली.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे

केस बांधण्याची पद्धत बदलूनही काही वेळा उपयोग होत नाही, कारण तक्रार मुळातच वेगळी असते. पडणारे बहुतेक केस पूर्ण लांबीचे व गाठीसह असतील, डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे दिसत असतील, टाळूला लाली, खपल्या, पू किंवा वेदना असतील, अथवा केसांबरोबर थकवा आणि वजनातला बदलही असेल, तर साधने बदलत बसू नये. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा एखादे नवे औषध सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागले, तर तो संबंधही डॉक्टरांना सांगावा. आणि डॉक्टरांकडे जाताना त्या सुनेप्रमाणे दोन दिवसांच्या केसांची पुडी जरूर न्यावी. ज्या डॉक्टरांना घाईत पदर बाजूला करून पाहण्याचे सुचत नाही, त्यांना ती पुडी पाहणे भाग पडते. मला भाग पडले.

आजी एप्रिलमध्ये निघताना दारात थांबल्या आणि पाठमोऱ्या होऊन पदर खाली घेतला. मानेवर त्यांच्याच निळ्या लुगड्याच्या तुकड्याची स्क्रंची होती. "पोरीनं शिवली," त्या म्हणाल्या, आणि पदर पुन्हा डोक्यावर न घेताच बाहेर पडल्या.